लोखंडापाशी उतार संपतो

प्रश्न: मुलगी बारावीत आहे. तिच्या पुस्तकात दर न्यूक्लिऑन बंधनऊर्जेचा आलेख आहे, तो लोखंडापाशी सगळ्यात उंच. ती विचारते, लोखंडात सगळ्यात जास्त ऊर्जा आहे तर अणुभट्टीत युरेनियम कशाला, लोखंडच का नाही घालत? मी अंबड एमआयडीसीत सीएनसीवर रोज लोखंडच कापतो, पण मला उत्तर देता आलं नाही. मुळात लोखंडच का, आणि फिशन-फ्यूजनशी याचा काय संबंध?

उत्तर:

मुलीला सांगा, पुस्तक उलटं धर. खरंच, आलेखाचं पान डोक्यावर उलटं करून बघायला सांगा. डोंगर दिसत होता तिथे दरी दिसेल आणि लोखंड त्या दरीच्या तळाशी असेल. नाशिकमध्ये अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवून मला सव्वीस वर्षं झाली. हा प्रश्न दरवर्षी एकजण तरी विचारतो आणि दरवर्षी मी पुस्तक उलटं करायला लावतो.

घोळ शब्दात आहे. बंधनऊर्जा म्हटलं की वाटतं, आत साठवलेली ऊर्जा. प्रत्यक्षात ती आत नसतेच. सुटे प्रोटॉन-न्यूट्रॉन, म्हणजेच न्यूक्लिऑन, एकत्र आले तेव्हा जी ऊर्जा बाहेर पडून गेली, तिचा हा हिशेब आहे. तेवढी ऊर्जा परत ओतली तरच केंद्रक पुन्हा सुटं होईल. म्हणजे ही तिजोरीतली शिल्लक नाही, होऊन गेलेला खर्च आहे. गंगापूर धरणातल्या पाण्याकडून काम करून घेता येतं, कारण त्याला अजून खाली उतरायचं आहे. तीच गोदावरी राजमहेंद्रीच्या पुढे समुद्राला मिळाली की त्या पाण्याकडून कोण काय काम करून घेणार? लोखंड म्हणजे तो समुद्र.

तुम्ही मापं घेणारे आहात, म्हणून हे आधी वजनातच दाखवतो. लोखंडाचा नेहमीचा अणू म्हणजे Fe-56, त्यात 26 प्रोटॉन आणि 30 न्यूट्रॉन. (निसर्गातल्या लोखंडात सुमारे 92 टक्के अणू हेच असतात.) 26 हायड्रोजनचे अणू आणि 30 सुटे न्यूट्रॉन तागडीत टाकले, तर बेरीज 56.4634 एकक येते. हे एकक म्हणजे कार्बन-12 अणूच्या वस्तुमानाचा बारावा भाग. तयार Fe-56 चा अणू मात्र भरतो 55.9349. तूट 0.5285. एका एककाला 931.5 एमईव्ही, म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट, या भावाने ही तूट 492 एमईव्ही होते. ती 56 जणांत वाटली की प्रत्येकी 8.79. आलेखावर लोखंडाची जी उंची दिसते ती हीच.

तुमच्या भाषेत सांगायचं तर एक किलो कच्चा माल मशीनवर लावला, तयार जॉब नऊ-साडेनऊ ग्रॅमने हलका निघाला, आणि खाली ट्रेमध्ये चुरा मात्र नाही. तो चुरा ऊर्जा होऊन निघून गेलेला असतो.

आता लोखंडच का. इथे दोन शक्तींचा स्वभाव समजला की बाकी सगळं आपोआप येतं.

पहिली, केंद्रकातले कण धरून ठेवणारी केंद्रकीय शक्ती. ती जबरदस्त आहे पण तिचा हात आखूड आहे. एका कणाची पकड फक्त त्याला लागून असलेल्या शेजाऱ्यांवर, त्यापलीकडे जवळजवळ शून्य. मी संक्रांतीच्या सुमारास हा धडा आला की वर्गात तिळाचे लाडू नेतो. एक लाडू मध्ये ठेवला तर त्याला चिकटून सगळीकडून बरोबर बारा लाडू बसतात, तेरावा बसत नाही. म्हणजे मधल्या लाडवाला बारा शेजारी मिळाले. त्याचं भागलं. ढीग कितीही मोठा केला तरी त्याला तेरावा शेजारी मिळणार नाही. म्हणूनच मोठ्या केंद्रकाच्या पोटातल्या कणाची पकड एका ठरावीक आकड्यावर थांबते, सुमारे 15.8 एमईव्ही. केंद्रक वाढलं म्हणून ती वाढत नाही.

पण बाहेरच्या लाडवांचं काय? त्यांना बाहेरच्या बाजूने शेजारीच नाहीत. तेरा लाडवांच्या गोळ्यात बारा बाहेर आहेत, आत एकच. त्यावर आणखी एक थर दिला की तो 42 लाडवांचा बसतो, एकूण 55 होतात. म्हणजे लोखंडाएवढ्या गोळ्यातही चारांतले तीन लाडू अजून बाहेरच्या कडेलाच! पुढचा थर 92 चा, एकूण 147, तरी दीडशेच्या गोळ्यात साठेक टक्के बाहेर. केंद्रक असं थरांनी रचलेलं नसतं, ते पाण्याच्या थेंबासारखं वाहतं असतं, पण हिशेबाचा सांगाडा हाच. जितकं केंद्रक लहान, तितके जास्त कण कडेला आणि तितका प्रत्येकाचा तोटा मोठा. केंद्रक वाढतं तसा हा कडेचा तोटा कमी होत जातो. आलेखाची डावी बाजू चढते ती या एका कारणाने.

(लाडू नंतर वर्गातच संपतात. 147 पर्यंत पोचायचा योग आजवर आलेला नाही.)

दुसरी शक्ती विजेची. प्रोटॉन प्रोटॉनला ढकलतो, आणि हिचा हात लांब आहे. सिंहस्थात रामकुंडावरच्या गर्दीचा विचार करा. हात धरायचा तर शेजारच्याचाच धरता येतो, पण लाउडस्पीकर सगळ्या घाटाला ऐकू जातो. केंद्रकातला प्रत्येक प्रोटॉन हा असा लाउडस्पीकर आहे. त्याचा धक्का बाकीच्या प्रत्येक प्रोटॉनला बसतो, मग तो शेजारी असो की पलीकडच्या काठावर. म्हणून इथे प्रोटॉन नाही, प्रोटॉनच्या जोड्या मोजायच्या. लोखंडात 26 प्रोटॉन, त्यांच्या जोड्या होतात 325. युरेनियममध्ये 92 प्रोटॉन, जोड्या 4186. प्रोटॉन साडेतीनपट झाले आणि भांडणं तेरापट! केंद्रकही थोडं मोठं होतं, अंतरं वाढतात, त्यामुळे धक्का जरा सौम्य होतो, पण तेवढ्याने भागत नाही. मोठ्या केंद्रकात प्रत्येक कणामागे विजेचा तोटा वाढतच जातो. आलेखाची उजवी बाजू उतरते ती यामुळे.

एक तोटा कमी होत जाणारा, दुसरा वाढत जाणारा. मधे कुठेतरी दोन्हींची बेरीज सगळ्यात कमी असणार, हे कुणीही सांगेल. पण ती जागा 50-60 च्या आसपासच का, 20 ला किंवा 150 ला का नाही, हा खरा प्रश्न आहे. पाठ्यपुस्तक तिथे गप्प बसतं. वास्तविक हे गणित बारावीच्या मुलीला पाच मिनिटांत जमेल.

1935 साली जर्मनीत व्हाइट्सेकर यांनी केंद्रकाला द्रवाचा थेंब मानून सूत्र मांडलं. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन समसमान आहेत असं तूर्त धरलं, तर ते एवढं सोपं होतं:

```
B/A = 15.8 − 18.3/A^(1/3) − 0.1785·A^(2/3)
```

B म्हणजे केंद्रकाची एकूण बंधनऊर्जा, A म्हणजे एकूण कण. 15.8 ही पोटातल्या कणाची पकड, दुसरं पद कडेचा तोटा, तिसरं विजेचा. आकडे मोजलेल्या वस्तुमानांवरून बसवलेले आहेत, त्यामुळे पुस्तकागणिक थोडे बदलतात. विजेचा आकडा मात्र बसवावाही लागत नाही. केंद्रकाची त्रिज्या माहीत असली की तो साध्या विद्युतशास्त्रातून जवळजवळ तसाच निघतो, म्हणून मला या सूत्राचा भरवसा वाटतो.

आता घातांक बघा. कडेचा तोटा A च्या घनमुळाने कमी होतो, विजेचा तोटा घनमुळाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे A तीन टक्क्यांनी वाढवला तर कडेचा तोटा साधारण एक टक्क्याने उतरतो आणि विजेचा दोन टक्क्यांनी चढतो. शिखर कुठे? जिथे हा नफा आणि हा तोटा सारखा होतो तिथे, म्हणजे जिथे कडेचा तोटा विजेच्या तोट्याच्या बरोबर दुप्पट असतो. ही अट सूत्रात घातली की

```
18.3/A^(1/3) = 2 × 0.1785·A^(2/3)
A = 18.3 / 0.357 ≈ 51
```

एका भागाकारात 51! केंद्रकीय शक्ती किती दणकट आणि वीज तिच्यापुढे किती दुबळी, या एका गुणोत्तरातून शिखराची जागा ठरते. वीज दुप्पट जोरकस असती तर शिखर पंचविसापाशी आलं असतं आणि आजचं कितीतरी मूलद्रव्य टिकलंच नसतं.

51 आणि 56 यांत फरक राहिला, तो का, तेही सांगतो. आपण प्रोटॉन-न्यूट्रॉन समान धरले होते. केंद्रकाला तसं आवडतंही, असमानता झाली की त्याचा वेगळा दंड बसतो. पण विजेचा त्रास वाढला की थोडे प्रोटॉन कमी करून न्यूट्रॉन वाढवणं परवडतं, दंड भरूनही. समसमान संख्या असलेलं शेवटचं स्थिर केंद्रक कॅल्शियम-40. त्यापुढे सगळे न्यूट्रॉनकडे झुकतात. प्रोटॉन कमी म्हणजे वीज कमी, आणि वीज कमी म्हणजे शिखर उजवीकडे सरकणार. तसं ते साठीच्या जवळ सरकतं.

पूर्ण सूत्राने तीन केंद्रकं काढून बघा, चित्र स्पष्ट होईल. सुरुवात तिघांचीही 15.8 पासून. ऑक्सिजन-16 मध्ये कडेचा तोटा 7.3 आणि विजेचा जेमतेम 1, हातात उरतात 7.5. लोखंडात कडेचा 4.8, विजेचा 2.2, असमानतेचा दंड 0.1, उरतात 8.7. युरेनियम-235 मध्ये कडेचा तोटा 3 वर आला खरा, पण विजेचा 4.1 झाला आणि दंड 1.1, उरतात 7.6. मोजलेले आकडे अनुक्रमे 7.98, 8.79 आणि 7.59 आहेत. थेंबाच्या कल्पनेवर उभ्या असलेल्या सूत्राकडून याहून जास्त काय मागायचं. लोखंडाच्या ओळीत 4.8 आणि 2.2 पुन्हा एकदा बघा, एक दुसऱ्याच्या दुप्पटच्या जवळ आहे की नाही? ऑक्सिजन चुकतो तो थोडा जास्तच, कारण तिथे 8 आणि 8 अशी भरलेली कवचं आहेत आणि थेंबाला कवचं ठाऊक नसतात. हीलियम-4 आलेखावर टोकासारखा वर आलेला दिसतो, तोही याच कारणाने.

इथे एक कबुली द्यायला हवी. शिखरावर खरं म्हणजे लोखंड-56 नाही. निकेल-62 आहे, 8.795 वर. मग लोखंड-58, 8.792 वर, आणि तिसरा आपला 8.790 वाला. फरक इतका बारीक की आलेखावर पेन्सिलीच्या टोकाखाली तिघेही झाकले जातील. गोंधळ होतो कारण लोखंड-56 दुसऱ्या एका शर्यतीत पहिलं येतं: दर कणामागे सगळ्यात कमी वस्तुमान त्याचं. न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा किंचित जड, आणि निकेल-62 मध्ये न्यूट्रॉनचं प्रमाण जास्त, म्हणून पकड घट्ट असूनही निकेल वजनात मागे पडतो. परीक्षेत "लोखंड" लिहिलं तर गुण मिळतात, मुलीने काळजी करू नये.

आणि विश्वात लोखंड-56 एवढं भरपूर का, तर ते शिखराच्या जवळ आहे म्हणून, आणि तिथपर्यंतची वाट सोपी आहे म्हणूनही. मोठ्या ताऱ्यात शेवटी सिलिकॉन जळतं तेव्हा बांधकाम हीलियमच्या विटांनी, चार-चारच्या पटीत चालतं. त्यातून 28 प्रोटॉन, 28 न्यूट्रॉन असलेला निकेल-56 बनतो. तो अस्थिर असतो. सहा दिवसांच्या अर्धायुष्याने तो कोबाल्ट-56 होतो आणि कोबाल्ट 77 दिवसांच्या अर्धायुष्याने लोखंड-56. 1987 साली मॅगेलनी ढग या शेजारच्या दीर्घिकेत तारा फुटला, तेव्हा त्याचा उजेड पुढचे कित्येक महिने या 77 दिवसांच्या हिशेबानेच मंदावत गेला आणि कोबाल्ट-56 चे गॅमा किरणही उपकरणांनी पकडले. निकेल-62 कडे अशी सरळ वाट नाही.

आता फिशन. युरेनियम आलेखाच्या उजव्या टोकाला 7.59 वर बसलेला आहे. तो मधोमध तुटला तर तुकडे शिखराच्या जवळ सरकतात, पकड वाढते, फरक बाहेर पडतो. एक खरी घटना घेऊ. युरेनियम-235 ला न्यूट्रॉन लागला आणि बेरियम-141, क्रिप्टॉन-92 आणि तीन न्यूट्रॉन निघाले. आधीची एकूण बंधनऊर्जा 1784 एमईव्ही. नंतरची: बेरियम 1174, क्रिप्टॉन 783, एकूण 1957. सुट्या न्यूट्रॉनची शून्य, कारण तो कुणाशी बांधलेलाच नाही. फरक 173 एमईव्ही. मुलं इथे हमखास चुकतात. दर न्यूक्लिऑनचे आकडे नुसते एकमेकांतून वजा करतात, नाहीतर तीन सुट्या न्यूट्रॉननाही बंधनऊर्जा देऊन टाकतात. उत्तर दोनशेच्या जवळ गेलं की समजायचं, न्यूट्रॉन विसरलेत.

बेरियम आणि क्रिप्टॉन इथे थांबत नाहीत. लोखंडात प्रत्येक प्रोटॉनमागे 1.15 न्यूट्रॉन असतात, युरेनियममध्ये 1.55. मोठं केंद्रक तुटलं की तुकड्यांना आईबापांचं न्यूट्रॉनचं प्रमाण मिळतं, पण त्यांच्या आकाराला एवढे न्यूट्रॉन नको असतात. काही न्यूट्रॉन लगेच उडतात, ते पुढची केंद्रकं तोडतात आणि साखळी चालते ती त्यांच्यावर. उरलेला जादा भार तुकडे बीटा आणि गॅमा टाकून उतरवत बसतात, त्यातून आणखी ऊर्जा मिळते आणि सरासरी एकूण 200 च्या आसपास जाते. अणुभट्टी बंद केली तरी इंधन गरम राहतं आणि कचरा वर्षानुवर्षं सांभाळावा लागतो, त्याचं मूळ आलेखाच्या उंचीत नाही, न्यूट्रॉनच्या या जादा प्रमाणात आहे.

मग उतार आहे तर युरेनियम आपणहून का तुटत नाही? आणि मधल्या वजनाचं, शिखराच्या उजवीकडचं चांदी-कथील का तुटत नाही, त्यांनाही तर थोडा उतार आहे? कारण धरणाला भिंत असते. थेंब तुटायचा तर आधी लांबुळका व्हायला हवा. लांबुळका झाला की पृष्ठभाग वाढतो, म्हणजे कडेचा तोटा आधी वाढतो, आणि विजेचा फायदा नंतर मिळतो. हा मधला चढ युरेनियममध्ये साधारण 6 एमईव्हीचा आहे. मधल्या वजनाच्या केंद्रकांत तो त्याच्या कितीतरी पट उंच असतो, म्हणून तुमच्या घरातली चांदीची वाटी सुरक्षित आहे.

युरेनियम-235 मध्ये न्यूट्रॉन नुसता अलगद शिरला तरी बांधला जाताना 6.5 एमईव्ही आत टाकतो. भिंत ओलांडली. युरेनियम-238 मध्ये शिरला तर फक्त 4.8 मिळतात, भिंत उरतेच. हा फरक जोडीचा आहे: 235 मध्ये एक न्यूट्रॉन एकटा असतो, नवा आला की त्याची जोडी जमते आणि जास्त ऊर्जा सुटते. खाणीतल्या युरेनियममध्ये 235 जेमतेम 0.7 टक्के असतो. तारापूरच्या 1969 सालच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांना म्हणून 235 चं प्रमाण वाढवून समृद्ध केलेलं युरेनियम लागतं. तिथल्याच नंतरच्या तीन आणि चार क्रमांकाच्या भट्ट्या जड पाणी वापरून साध्या युरेनियमवर चालतात. पावणेदोन एमईव्हीची ही तफावत नसती तर इंधनाची सगळी कथा निराळी झाली असती.

फ्यूजन म्हणजे आलेखाची डावी बाजू, आणि ती फार खडी आहे. हायड्रोजनचे दोन जड भाऊ, ड्यूटेरियम आणि ट्रिटियम, मिळून हीलियम आणि एक न्यूट्रॉन. आधी 2.22 आणि 8.48, बेरीज 10.7. नंतर हीलियमचे 28.3. सुटले 17.6 एमईव्ही. फिशनच्या 200 पुढे हे किरकोळ वाटतं, पण इथे कण पाचच आहेत. दर कणामागे साडेतीन एमईव्ही झाले, फिशनमध्ये 0.85. किलोला किलो लावलं तर चौपट. भिंत इथेही आहे, फक्त दुसऱ्या तऱ्हेची: दोन धनभारित केंद्रकं जवळ यायलाच तयार नसतात. त्यांना जवळ आणायला पृथ्वीवर दहा-पंधरा कोटी अंश तापमान लागतं आणि तेवढ्या गरम वायूला भांड्याची भिंत लागू न देता कोंडावं लागतं. अडलंय ते इथे, उतारात नाही.

डाव्या बाजूचा खडेपणा एका आकड्यात सांगतो. हायड्रोजनपासून लोखंडापर्यंतचा पूर्ण उतार 8.8 एमईव्ही. त्यातले 7.07 पहिल्याच पायरीत, हीलियमला पोचतानाच खर्च होतात. म्हणजे ऐंशी टक्के. पुढे कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन, लोखंड एवढ्या सगळ्या प्रवासाला उरतात फक्त 1.7. सूर्याच्या पंचवीसपट वस्तुमानाचा तारा हायड्रोजनवर सुमारे 70 लाख वर्षं काढतो आणि शेवटचं सिलिकॉन साधारण एका दिवसात संपवतो. या घाईला एकटा चपटा उतार जबाबदार नाही, त्या तापमानाला न्यूट्रिनो नावाचे, सहसा कशालाच न अडणारे कण बरीचशी ऊर्जा घेऊन पळतात. पण मिळकत तुटपुंजी आणि गळती मोठी, असं झाल्यावर घर किती दिवस चालणार.

मग गाभ्यात लोखंड साचतं आणि त्यातून मिळण्यासारखं काही नसतं. गाभा सूर्याच्या सुमारे 1.4 पटीला, म्हणजे चंद्रशेखर मर्यादेला पोचला की स्वतःच्या वजनाखाली कोसळतो. तापमान इतकं चढतं की प्रकाशाचे कण लोखंडाचे तुकडे करू लागतात. एका लोखंड-56 चे 13 हीलियम आणि 4 न्यूट्रॉन करायला 124 एमईव्ही मोजावे लागतात. आधार द्यायचा त्या क्षणी लोखंड उलट ऊर्जा पिऊन टाकतं आणि कोसळणं आणखी वेगाने होतं.

शेवटी माझी एक चूक सांगतो, कारण ती पुस्तकांतही असते आणि तुमच्या मुलीपर्यंत पोचली असेल. बरीच वर्षं मी फळ्यावर लिहायचो: लोखंडाच्या पुढे काहीही जोडायचं तर ऊर्जा घालावी लागते. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने हिशेब करून आणला. लोखंड-56 मध्ये हीलियम-4 जोडला की निकेल-60. आधी 492.26 आणि 28.30, बेरीज 520.56. निकेल-60 चे 526.85. म्हणजे 6.3 एमईव्ही सुटले, लागले नाहीत! न्यूट्रॉन जोडला तर 7.6 सुटतात. सोन्यापर्यंतची बहुतेक जड मूलद्रव्यं न्यूट्रॉन असे एकेक जोडूनच बनतात, आणि प्रत्येक पायरीला ऊर्जा सुटतेच. मी वर्गात "बघून सांगतो" म्हणालो आणि घरी येऊन वस्तुमानांचा तक्ता काढला. पोरगा बरोबर होता.

माझी चूक अशी की आलेख सरासरी दाखवतो आणि मी ती शेवटच्या कणाची किंमत समजून वाचत होतो. सरासरी घसरत असली तरी लोखंडाच्या आसपास नवा आलेला सुटा कण बांधला गेला की काहीतरी सुटतंच, कारण त्याची आधीची पकड शून्य होती किंवा हीलियमची 7.07 होती. खरा प्रश्न असा विचारायचा की तो सुटा हीलियम आला कुठून? गाभ्यात फक्त लोखंड उरलं असेल तर तो दुसऱ्या एखाद्या लोखंडातूनच तोडून आणावा लागेल. लोखंड-56 मधून हीलियम काढला की क्रोमियम-52 उरतो आणि त्याला 7.6 एमईव्ही लागतात. तो दुसऱ्या लोखंडाला जोडल्यावर मिळतात 6.3. पदरचे 1.3 एमईव्ही गेले.